व्यायलेली गाय कॅल्शियम देऊनही उठत नाही : काय करायचं आणि कधी उचलायचं नाही

अडचण दरवेळी साधारण अशीच येते. गाय रात्री व्याली, वासरू ठीक, वारही पडली. सकाळी गाय बसलेली दिसते. कान गार, नाकपुडी कोरडी, मान कुशीकडे वळवलेली. डॉक्टर येतात, शिरेतून कॅल्शियम देतात. तासाभरात गाय ताजीतवानी होते, शेण टाकते, लघवी करते, गव्हाणीकडे बघते, पण उठत नाही. पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो. एक म्हणतो अजून एक बाटली द्या, दुसरा म्हणतो चार माणसं बोलवा आणि उभी करा.

या टप्प्यावर एक गोष्ट समजून घेतली की बाकीचं आपोआप जुळतं. गाय बसली ती दुग्धज्वरामुळे, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम उतरल्यामुळे, पण आता बसून राहिली आहे ती खाली दबलेल्या पायामुळे. पहिला आजार कॅल्शियमने गेला. दुसरा आपल्या गोठ्यात, आपल्या डोळ्यांदेखत तयार झाला.

दबलेल्या पायात काय होतं

गाय बसते तेव्हा ती सरळ पोटावर बसत नाही, एका पुठ्ठ्यावर कलते. उजव्या पुठ्ठ्यावर कलली असेल तर मागचे दोन्ही पाय डाव्या अंगाला येतात आणि उजवा पाय शरीराखाली दुमडून राहतो. साडेचारशे किलोच्या गाईचा बराचसा भार त्या एका मांडीवर पडतो. धडधाकट गाय थोड्या-थोड्या वेळाने उठते किंवा बाजू बदलते, म्हणून तिला काही होत नाही. दुग्धज्वरातल्या गाईच्या स्नायूंत ताकदच नसते. ती आहे तशी पडून राहते.

मांडीच्या मांसाभोवती एक चिवट पडदा असतो, तो ताणला जात नाही. दाबाने आतल्या मांसाचा रक्तपुरवठा कमी होतो, मांस सुजतं, सुजेला पसरायला जागा नसते, म्हणून आतला दाब आणखी वाढतो आणि रक्त आणखी अडतं. कडक जमिनीवर सहा तास एकाच कुशीवर गेले तरी पुढे गाय उठू न शकण्याइतकं नुकसान होऊ शकतं. पायाकडे जाणारी नस त्याच भागातून जाते, तीही दबते. म्हणून रात्री दहाला बसलेली गाय सकाळी सहाला सापडली, तर कॅल्शियम अगदी योग्य दिलं तरी पाय साथ देईलच असं नाही.

आधी हे वगळा

प्रत्येक न उठणारी गाय दबलेल्या पायाची नसते, त्यामुळे डॉक्टरांकडून काही गोष्टी तपासून घ्याव्याच लागतात. दुग्धज्वर पूर्ण उतरला आहे का, हे पहिलं. कॅल्शियम दिल्यावर बहुतेक गाई दोन-तीन तासांत उठतात, पण काही गाई एक-दोन दिवसांत पुन्हा खाली बसतात. कान परत गार पडले, मान परत कुशीकडे गेली, पोटाची हालचाल थांबली, तर ते कॅल्शियमच पुन्हा उतरल्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी डॉक्टर परत हवेत. स्वतः बाटली लावू नका. शिरेतून कॅल्शियम भराभर गेलं तर हृदय थांबतं, म्हणून डॉक्टरसुद्धा ते दहा-वीस मिनिटं घेऊन, छातीवर कान ठेवून देतात. शुद्धीत, चौकस असलेल्या गाईला ‘बघू तरी’ म्हणून तिसरी-चौथी बाटली देणं हा तर निव्वळ धोका आहे.

दुसरं, कास. चारही सडांतून एकेक धार काळ्या कपड्यावर काढून बघा. दुधाऐवजी पाण्यासारखं पिवळट काही आलं, गाय मलूल असेल, तर हा विषारी कासदाह असू शकतो. त्यात बिछाना कितीही चांगला केला तरी आधी औषधच लागतं. गर्भाशयाला जंतुसंसर्ग झाला असेल तरीही तसंच.

तिसरं, हाड. व्यायला अवघड गेलं असेल, वासरू ओढून काढलं असेल किंवा गाय कोब्यावर घसरून पडली असेल, तर खुब्याचा सांधा निखळला आहे का, मांडीचं किंवा कमरेचं हाड मोडलं आहे का, ते डॉक्टरांनी बघितल्याशिवाय पुढचं काही करू नका. एक पाय विचित्र कोनात बाहेर पडला असेल, पाय हलवताना खुब्यावर ठेवलेल्या हाताला आत करकर जाणवत असेल, तर संशय पक्का धरा.

हे सगळं वगळून गाय चौकस आहे, खाते आहे, पुढच्या पायांवर जोर देते पण मागचा भाग उचलत नाही, अशी राहिली तर खालचं सगळं तिच्यासाठी आहे.

आमच्या गाईचं काय झालं

चौथं वेत. रात्री नऊच्या सुमारास सहज व्याली. आम्ही वासराला चीक पाजला आणि झोपलो. पहाटे पाचला पाहिलं तर कोब्यावर उजव्या कुशीवर बसलेली. साडेसातला कॅल्शियम झालं. साडेआठला कान गरम, शेण टाकलं, ढेकर दिला. सगळ्यांना वाटलं, झालं. दहा वाजता सहा जणांनी पोटाखालून दोर घालून तिला उचललं. मागचे दोन्ही पाय ओल्या कोब्यावर दोन बाजूंना फाकले आणि ती तशीच बसली. ही आमची सगळ्यात मोठी चूक. पाय फाकले की मांड्यांच्या आतले स्नायू फाटू शकतात किंवा खुबा निखळतो, आणि मग जी गाय तीन दिवसांत उठली असती ती कधीच उठत नाही. आमचं नशीब, तेवढ्यावर भागलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी कास, खुबे, कंबर सगळं बघितलं. म्हणाले, “कॅल्शियमचं काम संपलं. आता हा उजवा पाय सांभाळा. आणि आज उचलायचं नाव काढू नका.” सूज-वेदनेचं इंजेक्शन दिलं. ते महत्त्वाचं होतं, कारण दुखत असलेली गाय उठायचा प्रयत्नच सोडते. दुसऱ्या दिवशी उजवी मांडी टणक लागली आणि लघवी कॉफीच्या रंगाची झाली. मेलेल्या मांसाचा रंग लघवीतून उतरतो तेव्हा असं दिसतं. घाबरू नका, पण डॉक्टरांना कळवा आणि पाणी वाढवा, कारण तो भार मूत्रपिंडांवर पडतो.

बिछाना

कोब्यावर पेंढा पसरणं म्हणजे बिछाना नव्हे. गाय जोर लावते तेव्हा पेंढा खुराबरोबर सरकतो आणि खाली कोबाच उरतो. रबरी चटईवर पेंढा टाकला तर आणखी वाईट, ओली झाली की ती काचेसारखी होते. बिछान्याला दोन कामं करायची असतात: अंगाखाली दबून शरीराचा आकार घ्यायचा आणि खुराला पकड द्यायची. ही दोन्ही कामं वाळू सगळ्यात चांगली करते. निदान 25 ते 30 सेंटिमीटर जाड थर, खडे काढलेली वाळू, आणि जागा तीन बाय तीन मीटरपेक्षा कमी नको. गाय धडपडते, सरपटते, त्यामुळे छोट्या चौकोनातून ती पहिल्याच प्रयत्नात बाहेर जाते. कडेला वाळूने भरलेली पोती किंवा पेंढ्याच्या गठ्ठ्या लावल्या की थर पसरत नाही. वर पेंढ्याचा पातळ थर टाका. वाळू नसेल तर जुन्या, दबलेल्या शेणपेंढ्याच्या थरावर भरपूर कोरडा पेंढा चालतो. हवा चांगली असेल तर सावलीतली मऊ मातीची किंवा गवताची जागाही उत्तम.

ओली झालेली वाळू दर वेळी खोऱ्याने काढून तिथे कोरडी टाका. ओलीत बसलेल्या गाईची कातडी दोन दिवसांत सोलवटते आणि सडांतून जंतू आत जातात.

गाईला तिथे न्यायचं कसं, यात बरेच जण फसतात. पायाला किंवा गळ्याला दोर बांधून ओढायचं नाही. जाड ताडपत्री, जुनं दार किंवा लाकडी फळी तिच्या पाठीमागे टेकवा, तिला त्यावर कलती करा, आणि फळी ओढा. एकाने मोरखी धरून डोकं वर ठेवायचं, म्हणजे खालचा डोळा आणि तोंड घासत नाही. चारही पाय फळीवर दुमडलेले असावेत, लोंबकळता पाय कशात तरी अडकतोच. जागेवर पोचल्यावर तिला लगेच पोटावर बसवा. आडवी सोडली तर पोटातला वायू ढेकरातून बाहेर पडत नाही, पोट फुगतं, आणि पोटातलं पाणी घशात येऊन श्वासनळीत गेलं तर फुप्फुसाचा आजार वेगळाच.

कूस बदलणं

माझ्या मते सगळ्या उपायांत हाच मुख्य, आणि करायला सगळ्यात कंटाळवाणा. दिवसा दर तीन तासांनी, रात्रीही चार तासांपेक्षा जास्त जाऊ द्यायचं नाही. आम्ही घरातल्यांनी रात्रीच्या पाळ्या लावल्या होत्या.

दोन किंवा तीन माणसं लागतात. समजा गाय उजव्या पुठ्ठ्यावर बसली आहे. एक जण मोरखी धरून डोकं डाव्या बाजूला वळवून ठेवतो. दुसरा तिच्या उजव्या अंगाला, पाठीच्या बाजूने उभा राहून पुठ्ठ्याला गुडघा किंवा खांदा लावून डावीकडे ढकलतो. पुठ्ठा उचलला जातो त्याच क्षणी तिसरा माणूस डाव्या बाजूला पसरलेला वरचा पाय दुमडून पोटाखाली सारतो. गाय डाव्या पुठ्ठ्यावर आली की आधी दबलेला उजवा पाय मोकळा होतो, तो हळूच बाहेर उजव्या अंगाला काढा. दणक्यात ढकलू नका, झोके दिले की ती स्वतःही साथ देते. शेपूट ओढून फिरवू नका, शेपटीचे मणके निसटतात.

फिरवून झाल्यावर एकदा वाकून पाहा. मागचे दोन्ही पाय एकाच बाजूला आहेत ना? खालचा पाय पोटाखाली सरळ ताठ तर अडकला नाही ना? मग मोकळा झालेला पाय हाताने वाकवा, सरळ करा, मांडी चोळा. चार-पाच मिनिटं पुरेत.

आता यातली खरी अडचण. आमच्या गाईला रात्री नऊला डाव्या कुशीवर बसवलं आणि बाराला गेलो तर ती परत उजव्यावर. बऱ्याच गाईंची एक आवडती कूस असते आणि दुखरा पायही बहुधा त्याच बाजूला असतो. आपण तीन तासांनी फिरवलं असं समजतो आणि प्रत्यक्षात पाय आठ तास दबलेला असतो. म्हणून ज्या बाजूला ती परत कलते तिथे पेंढ्याची गठ्ठी किंवा वाळूचं पोतं घट्ट टेकवा. आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहायला लागा: वेळ, आलो तेव्हा कोणती कूस, जाताना कोणती. ‘आलो तेव्हा’ हा रकाना सोडू नका, सगळी गोम त्यातच आहे. त्याच ओळीत पाणी प्यायली का, शेण टाकलं का, स्वतः उठायला बघितलं का, हेही लिहा. दोन दिवसांनी डॉक्टरांना हा तक्ता तुमच्या आठवणीपेक्षा जास्त सांगतो.

चारा, पाणी आणि धार

बसलेल्या गाईला भूक असते, पण ती लांबच्या गव्हाणीपर्यंत पोचत नाही. आपल्याला वाटतं खात नाही. चारा तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर, थोडं थोडं करून दिवसातून पाच-सहा वेळा ठेवा. उरलेला उचलून ताजा टाका, तिच्या श्वासाने ओला झालेला चारा ती परत हुंगतही नाही. आधी चांगली वाळलेली वैरण आणि हिरवा चारा, खुराक नंतर. हालचाल नाही, वैरण कमी खाल्ली आणि वरून पेंड-भरडा भरपूर दिला तर पोटात आंबतं आणि नवीन दुखणं लागतं. आम्ही किलोभर खुराक दोन वेळा, इतक्यावरच ठेवला होता. रवंथ करताना दिसली की समजा पोट जागेवर आहे.

पाणी जास्त महत्त्वाचं. पसरट, जड घमेलं ठेवा, उंच बादली ती पहिल्याच हेलकाव्यात सांडते आणि बिछाना ओला होतो. आम्ही शेवटी घमेलंही काढून टाकलं आणि दर वेळी कूस बदलताना बादली हातात धरून पाजायला लागलो. किती प्यायली तेही त्यामुळे नेमकं कळायचं.

नळीने किंवा बाटलीने तोंडात काहीही ओतू नका. दुग्धज्वरातल्या गाईचा घसा नीट गिळत नाही, तेल किंवा औषध सरळ फुप्फुसात जातं. ती स्वतः चावते, गिळते, जीभ जोरात ओढून घेते, हे दिसल्यावरही तोंडाने द्यायचं कॅल्शियम डॉक्टरांना विचारूनच द्या. पोटात पाणी किंवा क्षार घालायची वेळ आली तर ते डॉक्टरांनी नळी पोटापर्यंत घालून करायचं काम आहे.

धारेची एक साधी युक्ती आहे. एका कुशीवर बसलेल्या गाईचे दोनच सड हाताला येतात. कूस बदलली की दुसरे दोन येतात. म्हणून धार कूस बदलण्याच्या वेळेला जोडून घ्या, सड पुसून, नंतर जंतुनाशकात बुडवून. वासराला आधीपासून चीक मिळत राहील एवढं पाहिलं म्हणजे झालं, पहिले एक-दोन दिवस कास पार रिकामी करण्याची घाई नको.

उचलायचं कधी नाही

गाय उठत नाही म्हणून उचलायची, हा हिशेब उलटा आहे. गाय स्वतः उठायला बघते आणि थोडक्यात कमी पडते, तेव्हा तिला आधार द्यायचा असतो.

या वेळी उचलू नका. कॅल्शियम अजून दिलेलं नाही किंवा देऊन दोन-तीन तासही झाले नाहीत. गाय मलूल आहे, मान सावरत नाही. हाड मोडल्याची किंवा खुबा निखळल्याची शंका फिटलेली नाही. खालची जमीन घसरडी आहे. आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं: तिने स्वतः एकदाही प्रयत्न केलेला नाही. पोटाखालून दोर किंवा दांडके घालून, शेपटी धरून किंवा यंत्राच्या हुकाला पाय बांधून तर कधीच नाही. पोटाखालचा एकटा दोर श्वास अडवतो आणि कासेवर दाब आणतो.

खुब्यांच्या हाडांना लावायचा लोखंडी चिमटा, ज्याला हिप लिफ्टर म्हणतात, तो उपयोगी आहे, पण गाय टांगायला नाही. चिमट्यावर लोंबकळणाऱ्या गाईचा सगळा भार दोन हाडांवर येतो, तिथलं मांस चिरडतं आणि जखम महिनाभर राहते. वापरायचाच तर वाळूवर, आत गोणपाटाची घडी घालून, छातीखाली रुंद पट्टा देऊन, हळूहळू वर घ्या. मागचा भाग उचलला गेला की बघा: खुर जमिनीवर टेकवते का, पाय ताठ करते का. मिनिटभरात भार घेतला नाही तर लगेच खाली ठेवा. ‘अजून थोडं थांबू’ असं म्हणू नका. घेतला तर चिमटा सैल ठेवून तिला पायांवर उभी राहू द्या, दहा-पंधरा मिनिटं फार झाली. खाली ठेवताना आधी ज्या कुशीवर होती तिच्या विरुद्ध कुशीवर ठेवा. चिमट्यात अडकवलेली गाय एका जागेवरून दुसरीकडे न्यायची नाही.

पाय फाकत असतील तर उभं करण्याआधी मागच्या दोन पायांना खुरांच्या वरच्या सांध्याच्या वर रुंद मऊ पट्टा बांधा, मधे साधारण 60 सेंटिमीटर अंतर राहील असा. चालता येतं, पण फाकता येत नाही. निखळलेल्या खुब्याला मात्र याचा उपयोग नाही.

आमच्या गाईला तिसऱ्या दिवशी दुपारी चिमटा लावून पाहिला. त्या सकाळी तक्त्यावर पहिल्यांदा ‘तीन वेळा प्रयत्न, पुठ्ठा वीतभर उचलला’ असं लिहिलं गेलं होतं. डाव्या पायावर भार घेतला, उजवा खूर पुढच्या बाजूला मुडपला. पाच मिनिटांत खाली ठेवली. संध्याकाळी पुन्हा, आठ मिनिटं. चौथ्या दिवशी पहाटे पाळीवरचा माणूस गेला तेव्हा ती उभी होती, भिंतीला अंग टेकून.

थांबायचं कुठे

तक्ता रोज थोडा तरी पुढे सरकला पाहिजे. गाय खाते, डोळे चमकदार, प्रयत्न वाढत आहेत, तर आठवडाभरही धीर धरण्यात अर्थ आहे. चार दिवसांनंतर उठण्याची शक्यता कमी होत जाते, त्यात खाणं सुटलं, प्रयत्न थांबले, सारखी आडवी होऊ लागली, खुब्यांवर-ढोपरांवर जखमा उघडल्या, तर पुढे ओढणं म्हणजे तिचे हाल वाढवणं. मोडलेली मांडी किंवा निखळलेला खुबा नक्की झाला तर तितकंही थांबू नये. पुढचा निर्णय डॉक्टरांना समोर बसवून, कायद्यात काय बसतं ते विचारून त्याच दिवशी घ्या.

उठलेल्या गाईला लगेच कोब्यावर परत नेऊ नका. पहिले दोन दिवस ती बसली की उठताना पुन्हा अडकू शकते. आम्ही तिला वाळूवरच ठेवलं, धार तिथेच काढली, पट्टा पाचव्या दिवशी सोडला. उजवा खूर तिने आणखी तीन आठवडे मुडपून टाकला. नस दबली होती, ती सावकाश परत येते. खूर जमिनीवर घासून सांध्याची कातडी सोलू नये म्हणून तिथे कापसाची घडी ठेवून पट्टी बांधली, ती रोज सोडून बघायची आणि परत बांधायची.